ज्येष्ठ नागरिकांच्या एफडीची पावती कशी तपासावी: वाढीव व्याज, वयाचा पुरावा आणि फॉर्म १५एच

बँकेच्या ठेव विभागात बसून मी आयुष्यभर एफडीच्या पावत्या फाडल्या. पुढे फाडायचे बंद होऊन त्या छापायला लागलो. एवढ्या वर्षांत पावती हातात आल्यावर ती काउंटरवरच वाचणारे ठेवीदार क्वचितच भेटले. बहुतेक जण नाव आणि रक्कम बघतात, घडी घालतात आणि पिशवीत टाकतात. साठीच्या पुढच्या माणसाचे नुकसान होते ते या घडीत. पावतीवर वय कुठेच छापलेले नसते, पण व्याजाचा दर ठरतो वयावर आणि करकपातही ठरते वयावर. वय बँकेच्या संगणकात नीट नोंदले गेले आहे की नाही, हे पावतीवरच्या आकड्यांवरूनच ओळखावे लागते.

आमच्या सोसायटीत एक निवृत्त शिक्षक राहतात, सगळे त्यांना गुरुजी म्हणतात. वय ६६. एप्रिल २०२५ मध्ये त्यांनी एकाच बँकेत पाच-पाच लाखांच्या तीन पावत्या एका वर्षासाठी केल्या. दोन पावत्यांचे व्याज दर तिमाहीला खात्यात येणार होते, तिसरीचे मुदतीनंतर एकत्र मिळणार होते. जुलैमध्ये ते पासबुक घेऊन माझ्याकडे आले. "अहो, माझे व्याज कमी आले, आणि वर कर पण कापला. मी तर फॉर्म भरून दिला होता." पावत्या तपासल्यावर तीन वेगवेगळ्या चुका निघाल्या. त्यातल्या दोन बँकेच्या नोंदींतल्या होत्या, एक गुरुजींची. त्याच क्रमाने आपण पावती वाचू.

पहिले काम: दर खरोखर ज्येष्ठांचा आहे का?

ज्येष्ठ नागरिकाला अर्धा टक्का जास्त व्याज मिळते, हे सगळ्यांना माहीत असते. हा अर्धा टक्का कायद्याने दिलेला हक्क नाही, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. रिझर्व्ह बँक जादा दर द्यायची मुभा देते. द्यायचा की नाही आणि किती, हे प्रत्येक बँकेचे संचालक मंडळ ठरवते. म्हणून भांडायला जाताना "मला अर्धा टक्का मिळालाच पाहिजे" असे म्हणण्यापेक्षा, "तुमच्या दरपत्रकात ज्येष्ठांच्या रकान्यात हा दर आहे, माझ्या पावतीवर तो का नाही?" असे विचारावे. त्यासाठी पावती केलेल्या दिवशी लागू असलेले दरपत्रक लागते. बँकेच्या संकेतस्थळावर दर कधीपासून लागू आहेत ती तारीख दिलेली असते. आजचे दर बघून मागच्या महिन्यातली पावती पारखू नये.

दरपत्रक बघताना मुदतीच्या काठावर लक्ष ठेवा. "एक वर्षापेक्षा कमी" आणि "एक वर्ष ते दोन वर्षांपेक्षा कमी" अशा दोन ओळींत कधीकधी बराच फरक असतो. ३६४ दिवसांची पावती वरच्या ओळीत जाते आणि ठेवीदाराला वाटते की ज्येष्ठांचा दर लागला नाही. प्रत्यक्षात दर ज्येष्ठांचाच असतो, चुकलेली असते मुदत.

गुरुजींच्या बँकेत एका वर्षासाठी सर्वसाधारण दर ६.६० टक्के होता आणि ज्येष्ठांना ७.१०. तिमाही व्याजाच्या पावतीची तपासणी सोपी आहे. पाच लाखांवर वर्षाचे ७.१० टक्के म्हणजे ३५,५०० रुपये. त्याचे चार भाग केले की ८,८७५. सर्वसाधारण दराने हाच हप्ता ८,२५० होतो. गुरुजींच्या दोन्ही पावत्यांचा हप्ता ८,८७५ होता, म्हणजे तिथे दर बरोबर होता.

तिसऱ्या पावतीत व्याज मुद्दलात मिसळत जाते, म्हणून तिथे मुदतीअंती मिळणारी रक्कमच पारखावी लागते. आपल्याकडे बँका एफडीवर साधारणपणे तिमाही चक्रवाढ करतात. घरात संगणक असेल तर एक्सेलमध्ये एवढे लिहा:

```
=500000*(1+7.10%/4)^4
```

उत्तर येते ५,३६,४५६. दराच्या जागी ६.६० घातले तर ५,३३,८२६. गुरुजींच्या तिसऱ्या पावतीवर दुसरा आकडा होता. २,६३० रुपयांचा फरक, तोही वर्षानंतर दिसणारा, आणि तोपर्यंत पावती आपोआप नव्याने झाली असती तर तो कुणाच्या लक्षातही आला नसता. दोन वर्षांची पावती असेल तर शेवटच्या ४ च्या जागी ८ लिहायचे, कारण तिमाह्या आठ होतात.

इथे एक गैरसमज दूर करतो, कारण त्यावरून काउंटरवर नेहमी वाद व्हायचा. व्याज दरमहा घेतले तर बँक वर्षाच्या व्याजाचे सरळ बारा भाग करत नाही. तिमाहीऐवजी लवकर पैसे दिल्याबद्दल थोडे कमी देते. पाच लाखांवर ७.१० टक्क्यांनी सरळ भागाकार केला तर महिन्याला २,९५८ येतात, बँक देते सुमारे २,९४१. हे सतरा रुपये ज्येष्ठांच्या दराचे नाहीत आणि ती चूकही नाही. त्यासाठी शाखेत जाऊन पायपीट करू नका.

दुसरे काम: वय नोंदले आहे कुठे?

तीन पावत्या, एकच माणूस, एकच दिवस, मग एकीलाच सर्वसाधारण दर का लागला? उत्तर पावतीवरच होते, पण त्या कोपऱ्याकडे कुणी बघत नाही: ग्राहक क्रमांक. दोन पावत्यांवर एक क्रमांक होता, तिसऱ्यावर दुसराच. गुरुजींचे जुने खाते गावाकडच्या शाखेत होते. शहरात आल्यावर नव्या शाखेने नवा ग्राहक क्रमांक काढून दिला. तिसरी पावती जुन्या खात्यातल्या पैशातून झाली आणि जुन्याच क्रमांकाखाली बसली. त्या क्रमांकात जन्मतारखेचा रकाना रिकामा होता. हाताने लिहायच्या खातेवह्यांतून माहिती संगणकात भरली गेली तेव्हापासून असे रिकामे रकाने बऱ्याच जुन्या ग्राहकांच्या नोंदींत राहिलेले आहेत. संगणकाला जन्मतारीख सापडली नाही की तो ग्राहकाला ज्येष्ठ धरत नाही. तुमचे पांढरे केस काउंटरवरच्या माणसाला दिसतात, संगणकाला नाही.

तेव्हा शाखेत दोन प्रश्न विचारा, शक्यतो लेखी: माझ्या पॅनवर तुमच्या बँकेत किती ग्राहक क्रमांक आहेत, आणि प्रत्येकात जन्मतारीख काय नोंदली आहे? एकाहून अधिक क्रमांक निघाले तर ते एकत्र करून घ्यायचा अर्ज तिथेच द्यावा. हे काम केवायसीच्या कागदांवर होते.

वयाच्या पुराव्यासाठी पॅन, आधार, पासपोर्ट, वाहन परवाना, जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, निवृत्तिवेतनाचा आदेश यातले काही बँका घेतात. कोणते चालते ते बँकेगणिक थोडे बदलते. खरी अडचण कागद नसण्याची नसते, कागद एकमेकांशी न जुळण्याची असते. आपल्याकडे एका पिढीच्या अर्ध्या लोकांचा वाढदिवस १ जूनला येतो, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनीच ती तारीख ठोकून दिली. (आमच्या गुरुजींना हे सांगितले तेव्हा ते मिश्कील हसले. त्यांनीही ती ठोकली होती, बऱ्याच जणांची.) मग शाळेच्या दाखल्यावर आणि पॅनवर १ जून, आणि आधारवर घरच्यांनी सांगितलेली खरी तारीख. काही जुन्या आधार कार्डांवर तर फक्त जन्मवर्ष छापलेले आहे. साठी नुकतीच उलटली असेल तर एवढ्या फरकानेही दर हुकतो. माझा सल्ला असा की पॅनवरची तारीख प्रमाण मानून बाकीचे कागद तिच्याशी जुळवून घ्यावेत, कारण कराचा सगळा हिशेब पॅनवरच होतो. पॅनवरचीच तारीख धादांत चुकलेली असेल तर मात्र आधी पॅन दुरुस्त करा.

संयुक्त पावतीत पहिले नाव कुणाचे, हे बघा. जादा दर मिळतो तो पहिला धारक ज्येष्ठ असेल तर, आणि करकपातही पहिल्याच धारकाच्या पॅनवर होते. नवरा ६६ चा आणि बायको ५७ ची असेल, आणि काकूंचे नाव आधी छापले गेले असेल, तर सर्वसाधारण दर लागतो आणि त्यात बँकेची काहीच चूक नसते. हिंदू अविभक्त कुटुंबाच्या नावावर ठेव असेल तर कर्ता कितीही वयस्कर असो, जादा दर मिळत नाही. मुलांकडे परदेशात स्थायिक झालेल्या आईवडिलांच्या एनआरओ ठेवींनाही तो लागू होत नाही.

गुरुजींचे काम सोपे गेले. त्यांच्या जन्मतारखेचा पुरावा बँकेकडे दुसऱ्या ग्राहक क्रमांकात आधीपासूनच होता. आम्ही अर्जात एवढेच लिहिले: पावती क्रमांक, तारीख, दरपत्रकातला दर, पावतीवरचा दर, आणि "वयाचा पुरावा ठेव करण्यापूर्वीपासून आपल्या दप्तरी आहे". शाखेने ठेवीच्या मूळ तारखेपासून दर दुरुस्त केला आणि ५,३६,४५६ चा आकडा छापलेली नवी पावती दिली. पुरावा आधी दिलेलाच नसेल तर मात्र मागच्या तारखेपासून दुरुस्ती मिळवणे अवघड जाते. म्हणून पुरावा दिल्याची पोच जपून ठेवावी.

शाखा दाद देत नसेल तर बँकेच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते. पतसंस्थेतल्या ठेवीसाठी ही वाट नाही. पतसंस्था म्हणजे बँक नव्हे.

वय मोजणारी दोन घड्याळे

हा भाग नीट वाचा, कारण इथे बँकेतले कर्मचारीही गोंधळतात. व्याजदरासाठी वय मोजतात ते ठेव ठेवण्याच्या दिवशी. करासाठी वय मोजतात ते आर्थिक वर्षाच्या हिशेबाने: त्या वर्षात केव्हाही साठ पूर्ण होत असतील तर माणूस त्या संपूर्ण वर्षासाठी ज्येष्ठ.

समजा एका बाईंची जन्मतारीख १२ डिसेंबर १९६५ आहे. त्यांनी १० ऑक्टोबर २०२५ ला एफडी केली. त्या दिवशी त्या ५९ वर्षांच्या होत्या, म्हणून दर सर्वसाधारण, आणि तो मुदत संपेपर्यंत तसाच राहणार. १२ डिसेंबरनंतर तो आपोआप वाढत नाही. पण करासाठी त्या २०२५-२६ या वर्षभर ज्येष्ठच आहेत, म्हणून त्यांना साठीच्या आतल्यांचा १५जी नव्हे, ज्येष्ठांचा १५एच भरता येतो. बँकेचा संगणक डिसेंबरपर्यंत त्यांना १५एच भरू देत नसेल तर कागदी फॉर्म शाखेत द्यावा.

अशा वेळी "पावती मोडून नवीन करू का?" असा प्रश्न हटकून येतो. मोडल्यावर जितके दिवस ठेव राहिली तेवढ्या मुदतीचा दर मिळतो आणि त्यातून बहुधा दंडाची कपातही होते. मुदत वर्षाभराची असेल तर मोडून फायदा होत नाही. पाच वर्षांची पावती असेल आणि ती नुकतीच केली असेल, तर बँकेकडून मोडीची रक्कम लिहून घ्या आणि मगच ठरवा.

साठी जवळ आली असेल तर सरळ उपाय आहे: मोठी ठेव वाढदिवसापर्यंत बचत खात्यात किंवा छोट्या मुदतीत ठेवायची. जन्मतारीख १ एप्रिल असणाऱ्यांसाठी एक गंमत आहे. आयकर खात्याच्या २०१६ च्या परिपत्रकानुसार त्यांचे वय आदल्या दिवशी, म्हणजे ३१ मार्चला पूर्ण झाले असे धरतात. त्यामुळे कराचे एक अख्खे वर्ष त्यांच्या पदरात पडते.

तिसरे काम: फॉर्म १५एच

लोक याला "कर माफीचा फॉर्म" म्हणतात. त्याने कर माफ होत नाही. आपल्या अंदाजे एकूण उत्पन्नावर यंदा कर शून्य येतो, म्हणून व्याजातून कर कापू नका, एवढेच त्यात आपण बँकेला सांगतो. व्याज उत्पन्नात धरायचेच असते, आणि खोटे निवेदन हा आयकर कायद्याखाली तुरुंगवासाची तरतूद असलेला गुन्हा आहे.

२०२५-२६ पासून ज्येष्ठांसाठी बँकेतल्या ठेवींच्या व्याजाची करकपातीची मर्यादा वर्षाला ५०,००० वरून १,००,००० झाली. ही मर्यादा पावतीगणिक किंवा शाखेगणिक नसते. त्या बँकेच्या सगळ्या शाखांतले व्याज एकत्र धरतात. आणि मर्यादा ओलांडली की कपात वरच्या रकमेवर होत नाही, पूर्ण व्याजावर १० टक्के होते. वित्त कंपन्यांच्या ठेवींना ही लाखाची सूट नाही. तिथे ज्येष्ठांनाही मर्यादा १०,००० आहे.

गुरुजींच्या तीन पावत्यांचे वर्षाचे व्याज सुमारे १,०७,००० होत होते. मर्यादेपेक्षा सात हजार जास्त, म्हणून १०,७०० कापले जाणार होते. आता त्यांचे १५एच देणे योग्य आहे का ते बघू. निवृत्तिवेतन महिना ३८,००० म्हणजे वर्षाचे ४,५६,०००. त्यात एफडीचे १,०७,००० आणि बचत खात्याचे ६,००० मिळवले की ५,६९,०००. नव्या करपद्धतीत निवृत्तिवेतनातून ७५,००० ची प्रमाणित वजावट मिळते, राहिले ४,९४,०००. चार लाखांवरच्या ९४,००० वर पाच टक्के म्हणजे ४,७०० रुपये कर, आणि कलम ८७ए च्या सवलतीने तो शून्य होतो. जुन्या पद्धतीत ५०,००० ची प्रमाणित वजावट आणि ठेवींच्या व्याजाची कलम ८०टीटीबी खालची आणखी ५०,००० ची वजावट धरून ४,६९,००० राहतात, तिथेही सवलतीनंतर कर शून्य. म्हणजे १५एच देता येतो.

नव्या पद्धतीत ही सवलत बारा लाखांच्या उत्पन्नापर्यंत पोचली असल्याने १५एच देता येणाऱ्यांची संख्या वाढली आहे. सवलतीनंतर कर शून्य होत असेल तर निवेदन स्वीकारावे, असे फॉर्मच्या टिपेतच म्हटले आहे. कुणी "तुमचे उत्पन्न मूळ सुटीच्या मर्यादेपेक्षा जास्त आहे" म्हणून फॉर्म परत करत असेल तर ती टीप दाखवा. फक्त, शेअर किंवा म्युच्युअल फंड विकून नफा झाला असेल तर सावध राहा. विशेष दराने कर लागणाऱ्या नफ्याला नव्या पद्धतीत ही सवलत मिळत नाही, आणि मग "कर शून्य" हे विधान खोटे ठरू शकते.

फॉर्म भरताना दोन रकमांची गल्लत होते. एका रकान्यात या बँकेकडून मिळणारे व्याज लिहायचे असते, गुरुजींच्या बाबतीत १,०७,०००. दुसऱ्यात वर्षाचे अंदाजे एकूण उत्पन्न, वजावटीनंतरचे, म्हणजे ४,९४,०००. बरेच जण दोन्हीकडे एकच आकडा लिहितात. दुसऱ्या बँकेतही १५एच दिला असेल तर असे किती फॉर्म दिले आणि त्यांतली एकूण रक्कम किती, हेही लिहायचे असते. फॉर्म प्रत्येक बँकेत वेगळा द्यावा लागतो, आणि दर वर्षी नव्याने. शिवाय पॅन चालू असला पाहिजे. आधारशी न जोडल्यामुळे तो निष्क्रिय झाला असेल तर १५एच असूनही २० टक्के कपात होते. ८० पूर्ण झालेल्यांना मात्र ही जोडणी सक्तीची नाही.

गुरुजींची स्वतःची चूक होती ती वेळेची. "भरून दिला होता" तो फॉर्म मागच्या वर्षीचा. पहिले तिमाही व्याज २ जुलैला जमा झाले. बऱ्याच बँकांचे संगणक वर्षभराच्या व्याजाचा अंदाज धरून पहिल्याच हप्त्यापासून कपात सुरू करतात, तसे दोन पावत्यांच्या १७,७५० वर १,७७५ कापले गेले. नवा फॉर्म आम्ही १० जुलैला दिला, तेव्हा पुढची कपात थांबली. पण कापलेला कर बँक परत देत नाही, तो सरकारकडे जातो. विवरणपत्र भरूनच तो परत मागावा लागतो. गुरुजींचे उत्पन्न चार लाखांच्या वर असल्याने विवरणपत्र त्यांना तसेही भरायचेच होते, पण परतावा येईपर्यंत ते १,७७५ अडकून पडले. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात फॉर्म दिला असता तर ही वेळ आली नसती. नवी पावती वर्षाच्या मध्ये केली तर व्याजाचा अंदाज बदलतो, तेव्हा सुधारित फॉर्म द्यावा.

वर दिलेले कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक २०२५-२६ चे आहेत. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू असल्याने ते बदलले, म्हणून जुने छापील फॉर्म वापरू नका. बँक जो नवा नमुना देईल तोच भरा.

फॉर्म दिल्यावर काय बघायचे

कागदी फॉर्म दिला तर प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घ्या. नेटबँकिंगवर दिला तर संदर्भ क्रमांकाचे पान छापून ठेवा. बँक प्रत्येक निवेदनाला एक विशिष्ट ओळख क्रमांक देते. १५एच असेल तर त्याच्या सुरुवातीला एच हे अक्षर असते, पुढे अनुक्रमांक, आर्थिक वर्ष आणि बँकेचा टॅन, म्हणजे कर कापणाऱ्याचा क्रमांक. गुरुजींच्या क्रमांकात २०२५-२६ ऐवजी मागचे वर्ष दिसत होते, त्यावरूनच खरी गोष्ट उघड झाली. हा क्रमांक मिळालाच नसेल तर तुमचा फॉर्म बहुधा टेबलाच्या खणातच पडून आहे.

पुढच्या तिमाहीचे व्याज जमा झाल्यावर पासबुकात हप्ता पूर्ण आला का ते बघा. गुरुजींच्या दोन पावत्यांचे ऑक्टोबरमध्ये ८,८७५ असे दोनदा जमा झाले. त्यानंतर आयकर संकेतस्थळावर २६एएस, म्हणजे आपल्या पॅनवर कापलेल्या कराचा तक्ता, उघडले. जुलैचे १,७७५ तिथे होते, ऑक्टोबरचे काहीच नव्हते. जुन्या ग्राहक क्रमांकाचे मात्र शाखेने अजून एकत्रीकरण केले नव्हते, तेव्हा आम्ही स्मरणपत्र घेऊन पुन्हा काउंटरवर गेलो.